मेन्थॉलच्या कोझीमधले दोन फिकट ठिपके: कोणता शेजार खरा?

प्रश्न: मेन्थॉलचा कोझी घेतला आहे, ४०० मेगाहर्ट्झ, ड्युटरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये. २.१७ वरून ०.९३ आणि ०.८१ ला क्रॉस-पीक दिसतात, म्हणजे आयसोप्रोपिल सापडला. पण तो रिंगला कुठे जोडलाय तेच कळत नाही. कंटूर खूप खाली नेले की १.११ पाशी फिकट ठिपका येतो. तसाच फिकट ठिपका १.९६ आणि १.६६ मध्येही आहे. यातला खरा कोणता? सर म्हणतात, फिकट ठिपके सोडून द्यायचे.

उत्तर:

दोन्ही खरे आहेत. फरक इतकाच की पहिला तीन बंधांवरून आलेला आहे आणि दुसरा चार बंधांवरून. म्हणजे पहिला शेजार सांगतो, दुसरा सांगत नाही. सरांचा नियम पाळून दोन्ही सोडले असते तर आयसोप्रोपिल रिंगला जोडणारा एकमेव ठिपकाच हातातून गेला असता. आणि दोन्ही डोळे झाकून स्वीकारले असते तर रिंग चुकीची बांधली गेली असती. ठिपक्याचा गडदपणा या दोघांत निवाडा करू शकत नाही, निवाडा दुसरीकडून आणावा लागतो. तो कसा, हे तुमच्याच स्पेक्ट्रमवर दाखवतो. आपल्याला रचना माहीत नाही, फक्त C₁₀H₂₀O हे सूत्र हातात आहे, असं धरून चला. सूत्रावरून असंपृक्तता एक येते. कार्बन स्पेक्ट्रममध्ये दुहेरी बंधाच्या किंवा कार्बोनिलच्या भागात काही नाही, म्हणजे एक रिंग आहे.

कोझी वाचायला बसताना एचएसक्यूसी शेजारी उघडा. नुसत्या कोझीवर मेन्थॉल सोडवायचा हट्ट धरू नका, कारण ०.८ ते १.७ या पट्ट्यात सोळा-सतरा प्रोटॉनांचे सिग्नल एकमेकांवर चढलेले आहेत. एचएसक्यूसी तुम्हाला सांगतो की कोणते प्रोटॉन एकाच कार्बनवर बसलेत, आणि कोझीमध्ये सगळ्यात आधी हीच माहिती लागते. मेन्थॉलमध्ये ७१.५ च्या कार्बनवर ३.४१ हा एकटा प्रोटॉन आहे. ५०.१ वर १.११, ३१.६ वर १.४३ आणि २५.८ वर २.१७, हेही प्रत्येकी एकटेच. तीन सीएच-टू आहेत: ४५.० वर १.९६ आणि ०.९७ ची जोडी, ३४.५ वर १.६६ आणि ०.८४ ची, २३.१ वर १.६१ आणि ०.९७ ची. उरलेले तीन मिथिल: ०.९१ (कार्बन २२.२), ०.९३ (२१.०) आणि ०.८१ (१६.१). तुमच्या नमुन्यात दुसरा दशांश थोडा इकडेतिकडे होईल, त्याने बिघडत नाही.

लक्षात घ्या, ०.९७ दोनदा आला आहे. दोन वेगवेगळ्या कार्बनांवरचे दोन प्रोटॉन एकाच जागी बसलेत. ही गोष्ट माहीत नसेल तर कोझीमध्ये ०.९७ च्या ओळीवरून थेट उडी मारून तुम्ही रेणूच्या पलीकडच्या टोकाला पोचाल आणि कळणारही नाही.

सुरुवात ३.४१ पासून

सुरुवात अशा सिग्नलपासून करायची, जो एकटा आहे आणि ज्याच्या ओळखीबद्दल शंका नाही. इथे तो ३.४१. ऑक्सिजन लागलेल्या कार्बनवरचा प्रोटॉन, आजूबाजूला कोणी नाही. या शिफ्टवरून आडवी रेघ धरून चला आणि कर्णरेषेवरचा ठिपका सोडून बाकी कुठे ठिपके पडतात ते टिपा. तीन मिळतील: १.९६, १.११ आणि ०.९७.

आता साध्या प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ३.४१ चा आकार बघा. तो दहा-साडेदहा हर्ट्झचा ट्रिपलेट आणि त्याला ४.३ हर्ट्झची फूट असा दिसतो. म्हणजे दोन मोठी कपलिंग आणि एक लहान, एकूण तीन शेजारी. ठिपकेही तीनच. हिशेब जुळला. प्रत्येक सिग्नलला ही तपासणी करा: मल्टिप्लेट जितके शेजारी सांगतो तितके ठिपके आहेत का? ठिपका कमी पडला तर काहीतरी लपलंय, जास्त आला तर काहीतरी लांबचं आहे किंवा खोटं आहे.

एचएसक्यूसीवरून १.९६ आणि ०.९७ एकाच कार्बनवरचे, ४५.० वरचे. कोझीमध्ये या दोघांमध्ये आपसात गडद ठिपका आहे, साधारण १२ हर्ट्झचा, पण तो एकाच कार्बनवरच्या दोन प्रोटॉनांचा. नव्या विद्यार्थ्यांना हाच ठिपका सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो ठसठशीत असतो आणि शेजारच्या कार्बनकडे नेत असल्यासारखा वाटतो. सीएच-टू जोड्यांचे असे ठिपके आधी पेन्सिलीने खोडून टाका, मग उरलेले वाचा.

तर ३.४१ च्या एका बाजूला ४५.० चा सीएच-टू आणि दुसऱ्या बाजूला १.११, म्हणजे ५०.१ चा सीएच. तिसरा बंध ऑक्सिजनकडे, चौथा त्याच्या स्वतःच्या हायड्रोजनकडे. हा कार्बन भरला. आता दोन्ही दिशांना चालत जायचं.

इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन क्लोरोफॉर्ममध्ये साधारण १.४ ते १.६ च्या आसपास कुठेही सापडू शकतो. बहुतेक वेळा अदलाबदलीमुळे तो कोणाशी कपलिंग दाखवत नाही. पण नमुना आणि द्रावक खूप कोरडे असतील तर ३.४१ शी त्याचा ठिपका येऊ शकतो. तो नेमका १.४३ च्या जवळ पडला तर ३.४१ चा प्रोटॉन १.४३ च्या शेजारी आहे असं वाटतं, आणि सहा कार्बनांच्या रिंगची पाच कार्बनांची होते. ३.४१ चा मल्टिप्लेट अपेक्षेपेक्षा जास्त फुटलेला दिसला तर शंका घ्या. नळीत जड पाण्याचे एक-दोन थेंब टाकून, हलवून पुन्हा घ्या. ठिपका गेला तर तो हायड्रॉक्सिलचा होता.

पहिली वाट: १.९६ वरून

१.९६ ची ओळ बघा. ३.४१ शी ठिपका आहे, तो आपण वापरला. ०.९७ शी आहे, तो जोडीचा. मग १.४३ शी एक मध्यम ठिपका, आणि त्याच्या बाजूला तुम्ही म्हणता तो फिकट १.६६ चा.

१.४३ चं कपलिंग साडेतीन हर्ट्झच्या आसपास, १.६६ चं दोन हर्ट्झच्या आसपास. फरक दीड हर्ट्झचा. एक घ्यायचा आणि दुसरा टाकायचा, हे रंगाच्या गडदपणावरून कसं ठरवणार? मी ठरवत नाही. आत्ता दोन्ही कागदावर लिहितो, १.४३ च्या पुढे काही नाही, १.६६ च्या पुढे प्रश्नचिन्ह.

१.४३ ची ओळ भरगच्च आहे. १.९६ आणि ०.९७ कडे परतीचे ठिपके, ०.९१ च्या मिथिलकडे एक ठळक ठिपका, आणि १.६६ व ०.८४ कडे. १.६६ आणि ०.८४ ही ३४.५ वरची जोडी. म्हणजे १.४३ च्या कार्बनला तीन शेजारी: ४५.० चा सीएच-टू, एक मिथिल, ३४.५ चा सीएच-टू. चौथा त्याचा हायड्रोजन. हाही भरला.

मिथिलबद्दल एक शब्द. ०.९१ आणि ०.९३ हे डब्लेट ४०० मेगाहर्ट्झवर एकमेकांत घुसलेले असतात. कोणता कोणाचा, हे उभ्या रेघेवरून बघायला गेलात तर गोंधळ होईल. आडव्या ओळीवरून बघा: १.४३ च्या ओळीवर एक मिथिल दिसतो आणि २.१७ च्या ओळीवर दोन. सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ स्वतंत्र काढून तिचा मधला बिंदू वाचला की ०.९१ आणि ०.९३ वेगळे पडतात, कारण त्या ओळीवर दुसरा मिथिल नसतोच.

दुसरी वाट: १.११ वरून

आता ३.४१ च्या दुसऱ्या बाजूने. १.११ ची ओळ: ३.४१ कडे ठळक, ०.९७ कडे ठळक, १.६१ कडे लहान, आणि २.१७ कडे तुमचा फिकट ठिपका.

इथला ०.९७ हा ४५.० वरचा की २३.१ वरचा? उत्तर १.६१ देतो. १.६१ हा २३.१ वरचा आहे आणि त्याचा जोडीदार ०.९७. म्हणून १.११ ला शेजारी मिळाला तो २३.१ चा सीएच-टू. ४५.० चा सीएच-टू ३.४१ च्या पलीकडे आहे, तो इथे थेट येऊ शकत नाही.

आता रिंग बंद होते का बघू. २३.१ आणि ३४.५ हे दोन सीएच-टू एकमेकांना लागून आहेत का? सगळ्यात सोपा पुरावा १.६६ आणि १.६१ मधला ठिपका असता, पण त्या दोघांत अंतर ०.०५ पीपीएम, ४०० मेगाहर्ट्झवर २० हर्ट्झ. साध्या स्पेक्ट्रममध्ये ते दोघे मिळून एकच दोन हायड्रोजनचा ढीग दिसतात. त्यांचा ठिपका कर्णरेषेत बुडालेला असतो, तो वाचता येत नाही. तसंच ०.८४ आणि ०.९७ चा ठिपका मिथिलांच्या गर्दीत हरवतो. म्हणून तिरके वाचा: १.६१ आणि ०.८४ मध्ये ठिपका आहे का, आणि १.६६ आणि ०.९७ मध्ये आहे का? हे दोन्ही कर्णरेषेपासून लांब, मोकळ्या जागेत पडतात. मात्र १.६६/०.८४ आणि १.६१/०.९७ हे जोडीचे ठिपके त्यांना अगदी चिकटून असतात. चारही मिळून एक चौकोनी पुंजका होतो. पुंजक्याचे चार कोपरे वेगळे दिसले तर रिंग बंद झाली. एकच धूसर गोळा दिसला तर प्रामाणिकपणे मान्य करा की ४०० वर कोझी हे सांगू शकत नाही, आणि एचएसक्यूसी-टॉक्सी घ्या. तिथे कार्बनच्या अक्षावर २३.१ आणि ३४.५ आरामात वेगळे असतात.

आता दोन फिकट ठिपके

प्रत्येक कार्बनचा जमाखर्च मांडा. चार बंध म्हणजे चार जागा. एचएसक्यूसीने हायड्रोजन किती ते सांगितलं, त्या जागा वजा करा. राहिलेल्या जागा शेजारी कार्बनांच्या किंवा ऑक्सिजनच्या.

४५.० च्या कार्बनवर दोन हायड्रोजन. उरल्या दोन जागा. एक ३.४१ च्या कार्बनने घेतली, ४.३ आणि १०.५ हर्ट्झच्या दोन कपलिंगांनी ते पक्कं आहे. दुसरी १.४३ च्या कार्बनने घेतली. खातं बंद. आता १.९६ ला १.६६ शी शेजारी मानायचं तर ४५.० ला पाचवा बंध द्यावा लागेल. तसा कार्बन नाही. म्हणून तो ठिपका कितीही खरा असला तरी शेजाराचा नाही, चार बंधांवरचा आहे.

आणि तो खरा आहे याचं कारणही सापडतं. मेन्थॉलच्या खुर्ची-रचनेत तिन्ही मोठे गट, हायड्रॉक्सिल, आयसोप्रोपिल आणि मिथिल, विषुवीय बसतात. १.९६ आणि १.६६ हे दोन्ही विषुवीय हायड्रोजन आहेत, आणि मधल्या १.४३ च्या कार्बनच्या दोन बाजूंना बसलेत. त्यांच्यामधले चार बंध एकाच पातळीत इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात येतात. अशा मांडणीत चार बंधांवरूनही एक-दोन हर्ट्झ कपलिंग मिळतं. १.९६ चा मल्टिप्लेट नीट वाढवून बघा, त्यात दोन हर्ट्झची एक जास्तीची फूट दिसेल. अक्षीय हायड्रोजनांमध्ये असा मार्ग नाही. म्हणून ०.९७ आणि ०.८४ यांच्यात जो ठिपका असेल तो लांबच्या कपलिंगचा नाही, तिथे ०.९७ म्हणजे २३.१ वरचा प्रोटॉन, ०.८४ चा खरा शेजारी.

आता दुसरं खातं. २५.८ च्या कार्बनवर एक हायड्रोजन, दोन मिथिल. एक जागा रिकामी. ५०.१ च्या कार्बनवर एक हायड्रोजन, शेजारी ३.४१ चा कार्बन आणि २३.१ चा सीएच-टू. एक जागा रिकामी. बाकी सगळे कार्बन भरलेले, ऑक्सिजनवर हायड्रोजन. संपूर्ण रेणूत रिकाम्या जागा फक्त दोन, आणि तुमचा २.१७/१.११ चा फिकट ठिपका नेमका त्या दोघांनाच जोडतो. तो ठिपका दिसला नसता तरी आयसोप्रोपिल तिथेच लागला असता. दिसला, त्यामुळे खातरजमा झाली.

मग तो इतका फिकट का? २.१७ आणि १.११ मधलं कपलिंग फक्त २.८ हर्ट्झ आहे. आयसोप्रोपिल गट फिरू शकतो, पण मेन्थॉलमध्ये तो एका विशिष्ट स्थितीत रमतो, जिथे हे दोन हायड्रोजन एकमेकांशी साधारण ६० अंशांचा कोन करतात. ते १८० अंशांवर असते तर दहा हर्ट्झ मिळाले असते आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. शिवाय दोन्ही सिग्नल खूप फुटलेले. २.१७ हा सेप्टेट, वर डब्लेट. १.११ ला चार शेजारी. एका ठिपक्याची ताकद इतक्या सगळ्या तुकड्यांत वाटली जाते, आणि लगतचे तुकडे उलट चिन्हांचे असतात. रेझोल्यूशन कमी पडलं की ते एकमेकांना खाऊन टाकतात.

ठिपका वर आणायचा कसा

तुम्ही सेटिंग दिलेलं नाही, पण ब्रुकरवर `cosygpqf` नेहमीच्या मूळ मूल्यांनी लावला असेल तर रुंदी बहुधा दहा-बारा पीपीएम ठेवली असेल. मेन्थॉलमध्ये ०.७ ते ३.५ च्या बाहेर काहीच नाही. दहा पीपीएम म्हणजे ४०० वर ४००० हर्ट्झ. अप्रत्यक्ष मितीत २५६ टप्पे घेतले तर शेवटचा टप्पा २५६ ÷ ४००० = ६४ मिलिसेकंदांवर येतो. क्रॉस-पीक वेळेबरोबर sin(πJt) प्रमाणे वाढतो. मॅग्निट्यूड कोझीत आपण न सरकवलेली साइन विंडो लावतो, म्हणून सगळ्यात जास्त वजन मधल्या टप्प्यांना, इथे ३२ मिलिसेकंदांच्या आसपास. त्या क्षणी १०.५ हर्ट्झचं कपलिंग ०.८७ वर पोचलेलं असतं, आणि २.८ चं फक्त ०.२८ वर.

रुंदी ४ पीपीएम करा, केंद्र २.१ वर. तेच २५६ टप्पे आता १६० मिलिसेकंदांपर्यंत जातात, मधला टप्पा ८० वर, आणि २.८ हर्ट्झचा ठिपका ०.६५ वर पोचतो. एक स्कॅन आणि दीड सेकंदाचा विराम ठेवला तर सगळा प्रयोग दहा मिनिटांच्या आत आटोपतो. क्लोरोफॉर्मचा ७.२६ बाहेर पडतो, त्याची काळजी नको, डिजिटल फिल्टर त्याला प्रत्यक्ष मितीतच अडवतो.

```
SW    4        (F1 आणि F2 दोन्हीत, ppm)
O1P   2.1
TD    2048     (F2)
TD    256      (F1)
WDW   SINE
SSB   0
```

हे केल्यावर २.१७/१.११ चा ठिपका उठून दिसेल. पण लगेच १.९६/१.६६ कडेही बघा: दोन हर्ट्झचं कपलिंग ०.२० वरून ०.४८ वर गेलेलं असेल. तोही उठून दिसणार. म्हणूनच वर म्हणालो की गडदपणा निवाडा करत नाही. जास्त वेळ दिला की लहान कपलिंग सगळीच वर येतात, तीन बंधांची आणि चार बंधांचीही.

कंटूर खाली नेताना मात्र एक खबरदारी. मिथिलांसारखे उंच सिग्नल आपल्या उभ्या रेषेत गोंगाटाचे पट्टे सोडतात. ०.९३, ०.९१ आणि ०.८१ वर असे पट्टे तुम्हाला दिसतीलच. त्यांवरचा कुठलाही ठिपका खरा मानण्याआधी कर्णरेषेच्या पलीकडे त्याचा आरसा आहे का बघा. खऱ्या क्रॉस-पीकला दोन्ही बाजूंना जागा असते, गोंगाटाला नसते. आणि हे बघण्याआधी `sym` देऊ नका. सिमेट्रायझेशन दोन बाजूंतला कमी असलेला आकडा दोन्हीकडे ठेवतं, त्यामुळे एकटा गोंगाट पुसला जातो हे खरं. पण दोन उंच सिग्नलांचे पट्टे जिथे एकमेकांच्या शिफ्टवर पडतात, तिथे दोन्ही बाजूंना काहीतरी असतंच, आणि सिमेट्रायझेशननंतर तिथे नीटनेटका, अगदी खऱ्यासारखा ठिपका उभा राहतो. ०.९३ आणि ०.८१ मध्ये अशी जोडी दिसली तर हुरळून जाऊ नका. ते दोन मिथिल एकाच कार्बनवर आहेत, एकमेकांचे शेजारी नाहीत. शिफ्ट वेगळी आहे कारण जवळच्या किरल केंद्रामुळे दोघांचा परिसर सारखा राहत नाही.

तरी मन मानत नसेल तर एचएमबीसी बघा. मिथिलांकडून दोन-तीन बंधांवरचे कार्बन तिथे ठळक येतात. ०.९३ आणि ०.८१ या दोघांकडूनही २५.८ आणि ५०.१ ला ठिपके मिळतील. ५०.१ चा ठिपका म्हणजे आयसोप्रोपिल रिंगच्या कोणत्या कार्बनवर आहे याचं स्वतंत्र उत्तर, आणि त्याचा २.८ हर्ट्झशी काही संबंध नाही. तसंच ०.९१ कडून ३१.६, ३४.५ आणि ४५.०. १.४३ च्या आसपास आपण जे बांधलं, तेच.

हा हिशेब कुठे चालत नाही

मेन्थॉल सोयीचा आहे, कारण त्याच्या प्रत्येक कार्बनवर निदान एक हायड्रोजन आहे. म्हणून कोझीची साखळी कुठेही तुटत नाही आणि रिकाम्या जागा शेवटी दोनच उरतात. ज्या रेणूत हायड्रोजन नसलेले कार्बन आहेत तिथे रिकाम्या जागा भरपूर राहतात आणि फिकट ठिपक्याचा निकाल जमाखर्चावरून लागत नाही. कार्व्होन घ्या. सांगाडा तोच, पण रिंगमध्ये कार्बोनिल आणि दुहेरी बंध, आणि आयसोप्रोपिलच्या जागी आयसोप्रोपेनिल. ६.७५ च्या विनाइल प्रोटॉनकडून १.७८ च्या मिथिलकडे ठिपका येतो, तो चार बंधांवरचा, दुहेरी बंधातून गेलेला. आयसोप्रोपेनिलचे ४.८ जवळचे प्रोटॉन १.७५ च्या मिथिलशी जुळतात, तेही चार बंधांवरूनच. त्या गटाला रिंगशी जोडणारा कार्बन हायड्रोजनशिवायचा असल्याने तीन बंधांवरचा ठिपका तिथे कधीच येणार नाही. अशा ठिकाणी कोझी तुकडे सांगतो आणि तुकडे एकमेकांना एचएमबीसी जोडतो.

ठिपका न दिसणं हा पुरावा समजू नये, याचं उदाहरण मेन्थॉलच्याच घरात आहे. निओमेन्थॉलमध्ये हायड्रॉक्सिल अक्षीय आहे. त्यामुळे ऑक्सिजनच्या कार्बनवरचा हायड्रोजन विषुवीय होतो, शिफ्ट ४.१० च्या आसपास जाते, आणि त्याला एकही दहा हर्ट्झचं कपलिंग मिळत नाही, सगळी लहान. साध्या स्पेक्ट्रममध्ये तो अरुंद, जेमतेम फुटलेला दिसतो. त्याच सेटिंगवर घेतलेल्या कोझीत, मेन्थॉलमध्ये ३.४१ वर मिळालेले दोन ठळक ठिपके इथे मिळणार नाहीत, आणि तीनही शेजारी फिकट असतील. ते सोडून दिले तर सुरुवातीचा सिग्नलच एकाकी पडतो.

तुमच्या अहवालात कोझीची सारणी करताना प्रत्येक ठिपक्यापुढे तो कुठल्या प्रकारचा ते लिहा: एकाच कार्बनवरचा, तीन बंधांवरचा की चार बंधांवरचा. जिथे कपलिंग वाचता आलं तिथे हर्ट्झमध्ये आकडाही द्या. १.६६/१.६१ समोर ‘कर्णरेषेत, वाचता आला नाही’ असंच लिहा. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, तिथे ‘आहे’ लिहिलं आणि दाखवता आलं नाही तर कापतात.